अठरा हजार नऊशेचे पस्तीस हजार आठशे साठ

दिवाळीचा फराळ संपत आला आणि बायकोने पुन्हा तो विषय काढला. गेली तीन-चार वर्षं मी आरोग्य विमा टाळत होतो आणि माझं ठरलेलं उत्तर असायचं, की हप्त्यावर अठरा टक्के टॅक्स कोण भरणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा तो जीएसटी शून्य झाला. तिने ती बातमी मला वाचून दाखवली नाही, फक्त विचारलं, "अहो, आता नवीन कारण काय?"

नवीन कारण नव्हतं. बडोद्याच्या रावपुऱ्यात माझी छपाईची प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतो. नोकरी कधी केली नाही, त्यामुळे कंपनीचा ग्रुप विमाही कधी नव्हता. घरात आम्ही दोघं, तेरा वर्षांची मुलगी आणि आई. त्याच रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर एका कंपनीचं पान उघडलं. त्याने चार गोष्टी विचारल्या: जन्मतारीख, पिनकोड, घरातली माणसं आणि विम्याची रक्कम. आईला सोडून तिघं घातले, पिनकोड ३९०००१, रक्कम पाच लाख. खाली एक छोटासा प्रश्न होता, धूम्रपान करता का. सिगारेट मी आयुष्यात ओढलेली नाही. "नाही" दाबलं. आकडा आला १८,९०० रुपये, वर्षाचे.

म्हटलं, ठीक आहे, एवढं तर झेपेल.

महिनाभराने मी प्रत्यक्षात भरले ३५,८६०. मधल्या काळात कुणी मला फसवलं नाही. त्या रात्री त्या पानाला मी जी उत्तरं दिली होती, ती एकेक करून बदलत गेली, एवढंच.

पहिलं बदललं ते रकमेचं उत्तर, आणि ते मी आपणहून बदललं. माझा मामेभाऊ पुण्यात एका विमा कंपनीत अंडररायटिंगला आहे, म्हणजे आलेल्या अर्जांना काय भाव लावायचा हे ठरवणाऱ्या टेबलावर. त्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, पाच लाखांचा आकडा बघून थांबू नकोस. वरचे आकडेही दाबून बघ." दाबले. दहा लाखांना २४,६००, पंचवीस लाखांना साधारण तीस हजार. म्हणजे पाचाचे दहा करायला ५,७०० जास्त, आणि दहाचे पंचवीस करायला जवळपास तेवढेच. आमच्या धंद्यात हे लगेच कळतं. शंभर पत्रिका छापा की पाचशे, प्लेटचा आणि मशीन लावायचा खर्च एकदाच बसतो. पुढे फक्त कागद वाढतो. विम्यातही बहुतेक क्लेम लाख-दोन लाखांचे असतात, आणि त्यांचा बोजा पहिल्या पाच लाखांतच असतो. वरच्या लाखांना हात लागण्याची वेळ क्वचित येते म्हणून ते स्वस्त. पंचवीसचा मोह झाला होता, पण वर्षाला काय झेपतं तेही बघायला हवं. दहा लाखांवर थांबलो.

मग एजंटला बोलावलं. गुजराती माणूस, आमच्याच गल्लीतला, वडिलांच्या वेळेपासून दुकानाचा आगीचा विमा त्याच्याकडे. आधार आणि पॅन घेऊन बसला, टॅबमध्ये सगळं भरलं आणि म्हणाला, २९,३००. मी म्हटलं, कसे काय? माझ्या मोबाइलवर चोवीस हजार सहाशे दिसतात. त्याने टॅब माझ्याकडे फिरवला. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून १९७९ होतं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा जन्म १२ डिसेंबर १९७९ चा. आई अजूनही सांगते, मार्गशीर्षातला बुधवार होता. पण १९८४ च्या जूनमध्ये मला पहिलीत घालायचं होतं आणि पाच पूर्ण नव्हते. हेडमास्तरांनी वडिलांना सांगितलं, सहा महिन्यांसाठी पोराचं वर्ष कशाला घालवता, आणि रजिस्टरात १ जून लिहिलं. त्या काळी वर्गातल्या निम्म्या मुलांचे वाढदिवस एक जूनला होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तेच आलं, दाखल्यावरून पॅन, पॅनवरून आधार. सरकारी नोकरीतले मित्र या तारखेमुळे सहा महिने आधी निवृत्त होतील म्हणून कुरकुरतात. माझा काय संबंध, मला कोण निवृत्त करणार, असं मला आजवर वाटत होतं.

संबंध असा. विमा कंपनी पूर्ण झालेली वर्षं मोजते. खऱ्या तारखेने ऑक्टोबरमध्ये मी ४५ वर्षांचा होतो, कागदावरच्या तारखेने ४६ चा. आणि या कंपनीच्या दरपत्रकात ४१ ते ४५ हा एक गट, ४६ ते ५० हा पुढचा. गटाच्या आत असताना वयामुळे दर हलत नाही, गटाची वेस ओलांडली की उडी. ती उडी माझ्या बाबतीत ४,७०० रुपयांची निघाली. काही कंपन्यांत असे गट नसतात, दर वर्षी थोडं थोडं वाढतं. तिथे मला हा धक्का इतका बसला नसता.

दुसरी गोष्टही तेव्हाच कळली. फॅमिली फ्लोटर, म्हणजे एकाच रकमेत सगळं घर, घेतलं की भाव ठरतो तो सगळ्यांत थोरल्या माणसाच्या वयावर. बायको ४१ ची आहे आणि मुलगी तेराची, पण तिघांच्या पॉलिसीचं वय माझं. एजंट तर म्हणत होता, आईलाही यातच घ्या, एकच पॉलिसी, एकच कागद. आई चौऱ्याहत्तरची. तिला यात घेतलं असतं तर दरपत्रकात आम्ही चौघंही चौऱ्याहत्तरचे झालो असतो. तिचं वेगळं बघायचं ठरवलं.

मी मामेभावाला विचारलं, खरी तारीख लावली तर? तो म्हणाला, "लाव की. आधी जन्मदाखला काढ, मग आधार बदल, पॅन बदल, बँकेत बदल. सगळं होईपर्यंत डिसेंबर येईल आणि खऱ्या तारखेनेही तू सेहेचाळीसचा होशील." बरोबर होतं. आणि कागद न बदलता अर्जात खरी तारीख लिहायची सोय नाही. हॉस्पिटलात दाखल होताना आधार दाखवावं लागतं, तिथे तारीख जुळली नाही की कॅशलेसची फाइल अडकते. एका वर्षाच्या ४,७०० साठी हा घोळ कोण घालणार. तसंही गटाची वेस मला एका वर्षात ओलांडायचीच होती. हेडमास्तरांनी ती थोडी आधी ओलांडून दिली.

आता शहराची गोष्ट. माझा मेहुणा इंदूरला रामबागेत राहतो, वयाने माझ्याएवढाच, त्यालाही एकच मूल. गप्पांच्या ओघात त्याने त्याच कंपनीचं तेच गणित आपल्या पिनकोडने करून बघितलं: दहा लाख, तोच वयाचा गट, २५,४००. माझ्यापेक्षा ३,९०० कमी. मी चिडलो. बडोदं काय मुंबई आहे का? कमाटीबागेत शेंगा खात फिरणारं गाव आमचं. पण या कंपनीच्या नकाशात पहिल्या झोनमध्ये दिल्ली आणि मुंबईच्या जोडीला गुजरातेतली अहमदाबाद, सुरत आणि बडोदा ही शहरं होती. इंदूर खालच्या झोनमध्ये. मामेभावाने सांगितलं की झोन शहराच्या श्रीमंतीवर ठरत नाही. त्या शहरात शंभर पॉलिसीधारकांमागे किती क्लेम येतात आणि सरासरी बिल किती होतं, यावर ठरतो, आणि प्रत्येक कंपनीचा अनुभव वेगळा असल्याने नकाशाही वेगळा. आम्ही दुसऱ्या एका कंपनीचं पान बघितलं, तिथे बडोदं दुसऱ्या झोनमध्ये होतं. तिसरीत झोनच नव्हते, सगळ्या देशाला एकच दर. ती झोन नसलेली कंपनी माझ्यासाठी स्वस्त असायला हवी असं मला वाटलं होतं. तशी ती नव्हती. तिचा मूळ दरच चढा होता.

इथे एजंटने एक वाट दाखवली. बायकोचं आधार कार्ड अजून माहेरच्या, इंदूरच्या पत्त्याचं आहे. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण ते बदलायचं राहिलंच. "वहिनींना प्रपोजर करा, म्हणजे अर्ज त्यांच्या नावाने," तो म्हणाला, "पिनकोड इंदूरचा लागेल." म्हणजे वर्षाला ३,९०० वाचले. बायकोलाही क्षणभर बरं वाटलेलं दिसलं. माहेरचा पत्ता एवढ्या उपयोगाचा आहे हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

मी एजंटला पॉलिसीचा मसुदा मागितला आणि त्यातलं झोनचं कलम शोधलं. लिहिलं होतं की खालच्या झोनचा हप्ता भरणाऱ्याने वरच्या झोनच्या शहरात उपचार घेतले, तर प्रत्येक मान्य क्लेमच्या २० टक्के रक्कम त्याने स्वतः भरायची. आम्ही राहणार बडोद्यात, म्हणजे आमचा प्रत्येक क्लेम वरच्या झोनमधला. चार लाखांचं बिल झालं तर ऐंशी हजार खिशातून. ३,९०० च्या हिशोबाने ती वीस वर्षांची बचत झाली. शिवाय जिथे राहत नाही तो पत्ता लिहिणं ही चुकीची माहिती ठरते, ते वेगळंच. उलट बाजूने बघितलं तर पहिल्या झोनचा हप्ता भरण्याचा एक फायदाही आहे. बडोद्याची माणसं मोठ्या आजाराला अहमदाबाद किंवा मुंबई गाठतात, कॅन्सर म्हटला की परळचं टाटा. तिथे हा २० टक्क्यांचा वाटा आम्हाला लागणार नाही. इंदूरच्या मेहुण्याला लागेल. हे मी त्याला फोन करून सांगितलं. थोड्या आनंदानेच सांगितलं, हे कबूल करतो.

त्याच आठवड्यात बायकोच्या आधारचा पत्ता बदलायला टाकला.

आता खरी अडचण. अर्जाच्या पूर्ण फॉर्ममध्ये "धूम्रपान" असा प्रश्न नव्हता. तिथे होतं: सिगारेट, विडी, गुटखा, पानमसाला किंवा कोणत्याही स्वरूपात तंबाखू घेता का, रोज किती, किती वर्षांपासून. प्रत्येक माणसासाठी वेगळा रकाना.

मी मावा खातो. प्रेसच्या खाली कोपऱ्यावर पानाचा गल्ला आहे, म्हणजे टपरी. सुपारीचा चुरा, त्यावर तंबाखू, चुन्याचं पाणी, सगळं प्लॅस्टिकच्या चौकोनी तुकड्यात घालून दोन्ही तळव्यांत घासायचं, सुपारी कोमट होऊन चुना मुरेपर्यंत. दुपारी जेवणानंतर एक, चारला मशीनमनबरोबर एक, संध्याकाळी शटर पाडताना एक. लग्नसराईत रात्रपाळी असली की चौथा. वीस-बावीस वर्षं झाली. त्याला मी व्यसन म्हणत नव्हतो. व्यसन म्हणजे दारू-सिगारेट, अशी माझी समजूत.

एजंटला सवय माहीत होती, कित्येकदा त्यानेच माझ्या हातातून चिमूट घेतलेली. तो म्हणाला, "ना लखो ने, साहेब. कोण जोवानुं छे?" म्हणजे नाही लिहा, कोण बघणार आहे. त्याचं पुढचं म्हणणं असं, की सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की मग कंपनीला जुनी लपवलेली गोष्ट उकरता येत नाही. हे अर्धं खरं आहे. पूर्वी आठ वर्षांची ही मुदत २०२४ मध्ये नियामकाने साठ महिन्यांवर आणली. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला हे संरक्षण मिळत नाही. आणि त्या पहिल्या साठ महिन्यांत काही झालं तर?

मामेभावाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली लघवीच्या तपासणीची. तंबाखूतलं निकोटिन काही तासांत शरीरातून जातं, पण यकृतात त्याचं कोटिनाइन होतं आणि ते बरेच दिवस टिकतं. तंबाखू ओढला की चघळला हे त्या चाचणीला कळत नाही, तिला फक्त निकोटिन येऊन गेलं एवढं कळतं. "दोन दिवस मावा सोडून जाशील आणि सुटशील असं समजू नकोस," तो म्हणाला. दुसरी गोष्ट मला जास्त लागली. "कंपनी तुझ्या गल्ल्यावर माणूस पाठवत नाही, दादा. तिला गरजच नसते. तू छातीत दुखतंय म्हणून हॉस्पिटलात जातोस, ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, तंबाखू? तू घाबरलेला असतोस, खरं बोलतोस. तो केसपेपरवर लिहितो, तंबाखू चघळण्याची सवय, वीस वर्षं. तो कागद क्लेमच्या फाइलीत येतो, आणि आम्ही तो तुझ्या अर्जाशेजारी ठेवतो."

मी फॉर्ममध्ये लिहिलं: मावा, रोज तीन, बावीस वर्षं. बायको शेजारी बसून बघत होती. तिने "चार" असं सुधारलं.

उंची आणि वजनही तिथेच विचारतात. मी लिहिलं पाच फूट आठ इंच, ऐंशी किलो. हे आकडे कॉलेजच्या ओळखपत्रापासून माझ्या डोक्यात आहेत, वजन तेवढं अधूनमधून वाढवत आणलं होतं.

दोन दिवसांनी कंपनीच्या डॉक्टरीण बाईंचा फोन आला, रेकॉर्ड होत असलेला. तेच सगळे प्रश्न पुन्हा, पण आडवेतिडवे. बीपीची गोळी घेता का, नाही. कधी घेतली होती का, नाही. गेल्या पाच वर्षांत कुठली सोनोग्राफी, एमआरआय? दोन वर्षांपूर्वी कंबर धरली तेव्हा एक्सरे काढला होता, तो सांगितला. त्यांनी विचारलं, गोळ्या किती दिवस, नंतर दुखलं का. उत्तरं अर्जाशी जुळतात का हे त्या बघत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, तंबाखू लिहिला आहे म्हणून तपासणी लागेल. बायकोला तपासणी लागली नाही.

अलकापुरीतल्या केंद्रावर सकाळी उपाशीपोटी गेलो. रक्त, लघवी, ईसीजी, बीपी. खर्च कंपनीचा. तिथल्या मुलीने मला चपला काढून भिंतीला टेकून उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि म्हणाली, एकशे अडुसष्ट. मी म्हटलं, बहुतेक पट्टी खाली सरकली. तिने शांतपणे पुन्हा मोजलं. एकशे अडुसष्ट. वजन ८६. पाच फूट आठ म्हणजे एकशे बहात्तरच्या वर. चार सेंटिमीटर मी कुठे हरवले कुणास ठाऊक.

हे किरकोळ वाटतं, पण विमा कंपनी वजन बघत नाही, वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा बीएमआय बघते. मी लिहिलेल्या आकड्यांनी तो सत्तावीसच्या आत होता. मोजलेल्या आकड्यांनी, ८६ भागिले १.६८ चा वर्ग, साडेतीसच्या जवळ गेला. तीसच्या पुढे लठ्ठ म्हणतात आणि बऱ्याच कंपन्यांचा हात तिथे दरपत्रकाकडे वळतो. म्हणजे सहा किलोंच्या जोडीला त्या हरवलेल्या चार सेंटिमीटरनेही काम केलं.

आठवड्याने ईमेल आला. अर्ज नाकारला नव्हता, पण अटीवर स्वीकारला होता. तंबाखूसाठी १५ टक्के लोडिंग, म्हणजे जास्तीच्या जोखमीपोटी हप्त्यात वाढ, आणि बीएमआयसाठी ५ टक्के. साखर काठावर होती, तिची नुसती नोंद. मान्य असेल तर ओटीपी टाका आणि पैसे भरा, नसेल तर अर्ज बंद. २९,३०० वर वीस टक्के, म्हणजे ५,८६० वाढून ३५,१६०.

एक तर हे लोडिंग एका वर्षापुरतं नसतं, नूतनीकरणालाही चालू राहतं. आणि मी ओटीपी टाकण्याआधी आकडा दोनदा बघितला तेव्हा लक्षात आलं की वीस टक्के तिघांच्या हप्त्यावर लावलेत. मावा मी खायचा आणि पंधरा टक्के मुलीच्या वाट्यावरही? एजंटला विचारलं, त्याला वाटलं असंच असतं. मामेभावाने सांगितलं की काही कंपन्या फक्त त्या माणसाच्या वाट्यावर लावतात, काही फ्लोटरच्या पूर्ण हप्त्यावर. ही दुसऱ्या जातीची. मग तो म्हणाला, "तुझं वय जास्त, तुझी सवय वाईट, तुझं वजन जास्त. त्या दोघींना तुझ्यातून बाहेर काढ."

बिलबुकाच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. मी एकटा, दहा लाख, ४६ ते ५० चा गट: १६,८००. त्यावर वीस टक्के, ३,३६०. झाले २०,१६०. बायको आणि मुलगी, दोघींचा फ्लोटर, दहा लाख, थोरलं वय ४१, लोडिंग काही नाही: १५,७००. बेरीज ३५,८६०.

एकत्र पॉलिसीपेक्षा ७०० रुपये जास्त, पण दहा लाख माझे वेगळे आणि दहा लाख त्यांचे वेगळे. फ्लोटरमध्ये तिघांत मिळून दहा होते. एजंटने आधी पंधरा लाखांचा फ्लोटर सुचवला होता, तो लोडिंग धरून ३९,००० ला पडत होता. आणि मी एक्कावन्नचा होऊन पुढच्या गटात उडी मारीन तेव्हा ती फक्त माझ्या हप्त्यात बसेल. तोटा एवढाच, की माझे दहा लाख पडून राहिले तरी त्या दोघींना वापरता येणार नाहीत. आणि हा हिशोब सगळ्यांना लागू नाही. नवरा-बायको जवळपास एका वयाचे आणि दोघंही बिनलोडिंगचे असतील तर एकत्र फ्लोटर बहुधा स्वस्तच पडतो. आमच्या घरात सगळं जड सामान एकाच माणसावर होतं म्हणून फोडणं परवडलं.

एजंटने शेवटचा प्रयत्न म्हणून खोलीभाड्याची मर्यादा सुचवली. रोज पाच हजारांची मर्यादा घेतली तर हप्ता थोडा उतरतो. मी नको म्हटलं. मर्यादा पाचची आणि खोली मिळाली दहा हजारांची, तर फरक फक्त भाड्याचा भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असले खोलीच्या दर्जाबरोबर चढणारे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात, म्हणजे निम्मे. ऐन वेळी हॉस्पिटलात कोणती खोली रिकामी असेल हे माझ्या हातात नाही.

नवा अर्ज, दोन वेगळ्या पॉलिसी. माझ्या तपासणीचा रिपोर्ट तोच चालला. नोव्हेंबरच्या शेवटी दोन्ही कागद आले. परत करायला तीस दिवस असतात, तेवढ्यात वाचून घ्यायचे. मी माझ्या पॉलिसीला जोडलेली अर्जाची प्रत ओळीने वाचली, प्रुफं वाचतो तशी. उंची १६८, वजन ८६, मावा, रोज चार. एकच चूक सापडली: कंबरेच्या एक्सरेची नोंद नव्हती. फोनवर सांगितलं होतं, पण अर्जात एजंटने घातलं नव्हतं. ईमेल करून ती घालायला लावली. हप्ता बदलला नाही.

त्याच ईमेलमध्ये विचारलं, मावा सोडला तर लोडिंग निघेल का. उत्तर आलं की वर्षभर पूर्ण बंद असल्याचं लिहून द्या, नूतनीकरणाआधी अर्ज करा, कोटिनाइनची चाचणी पुन्हा होईल, मग विचार करू. काढूच असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. वजनाचंही तसंच.

बायकोने तंबाखूच्या लोडिंगचा वेगळा हिशोब केला. १६,८०० चे पंधरा टक्के २,५२०, दिवसाला सात रुपये. हा आकडा मी गल्लेवाल्याला सांगितला तेव्हा तो मावा घासत होता. तो हसला आणि म्हणाला, मग त्यांना सांगा, माझ्या धंद्यात भागी द्या. मी सध्या दुपारचा एकच घेतो. म्हणजे कोटिनाइनच्या हिशोबाने अजून काहीच बदललेलं नाही.

१२ डिसेंबरला आईने सवयीप्रमाणे ओवाळलं आणि म्हणाली, सेहेचाळीस पूर्ण झाले रे तुला. मुलगी म्हणाली, "आजी, ते जूनमध्येच झाले. चार हजार सातशे लागले त्याचे."